शिफारसपत्र इंग्रजीतून व्हिएतनामीत नेताना कौतुकाची पायरी कशी सांभाळायची

पुण्यात एम.एस्सी. केलेली एक व्हिएतनामी मुलगी हनोईतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करत होती. तिच्या इथल्या मार्गदर्शक सरांनी पत्र अर्थातच इंग्रजीत दिलं आणि ते व्हिएतनामीत करायला माझ्याकडे आलं. व्हिएतनामी मी हनोईत राहून शिकले आहे, कागदपत्रांची भाषांतरं नेहमी करते. दीड पानाचं पत्र दुपारभरात उरकेल असं वाटलं होतं.

माझा प्रत्येक मजकूर हनोईतल्या एक ताई एकदा नजरेखालून घालतात. त्यांनी मसुदा वाचला आणि फोनवर विचारलं, "हे शिफारसपत्र आहे की शाळेतलं गौरवपत्र?" तिकडे शाळा-कचेऱ्यांत चांगल्या कामगिरीबद्दल छापील गौरवपत्रं देतात, त्यांना 'झाय खेन' म्हणतात. माझ्या मसुद्यात 'उत्कृष्ट' हा शब्द चार वेळा आला होता आणि मुलगी नेमकं काय करू शकते ते कुठेच दिसत नव्हतं. शब्दकोशाप्रमाणे एकही शब्द चुकलेला नव्हता. चुकली होती ती कौतुकाची पायरी.

पुढे अशी बरीच पत्रं केली. व्हिएतनामी शिकून भाषांतराच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या हाताखाली व्हिएतनामी विद्यार्थी शिकतात त्या प्राध्यापकांनाही आपल्या पत्राचं पुढे काय होतं ते यातून कळेल. व्हिएतनामी शब्दांचे उच्चार हनोईच्या धाटणीने, कानाला जवळ वाटतील तसे देवनागरीत दिले आहेत. जिथे स्वरचिन्हांसह अचूक लेखन लागेल तिथे ते चौकटीत आहे.

## हाताशी काय ठेवायचं

- मूळ पत्राची सही-शिक्क्यासह स्कॅन प्रत, आणि मिळाल्यास टाइप केलेली फाइल
- विद्यापीठाची प्रवेशसूचना आणि शिफारसपत्राचा नमुना असल्यास तो
- अर्जदाराच्या गुणपत्रिका, कामाचा तपशील आणि पासपोर्टवरचं नाव
- पत्र लिहिणाऱ्याचा फोन नंबर. हा नसेल तर काम घेऊ नका असं मी म्हणेन.
- व्हिएतनामी मातृभाषा असलेली, शक्यतो तिकडच्या विद्यापीठात वावरलेली एक व्यक्ती
- संगणकावर `UniKey` आणि युनिकोड फॉन्ट

## 1. पत्र कोणत्या कामाचं आहे ते आधी बघा

शिफारसपत्राला व्हिएतनामीत 'थू झय थिएउ' म्हणतात. याच्यासारखाच दिसणारा दुसरा कागद म्हणजे 'झाय झय थिएउ'. एखाद्या कचेरीने आपल्या माणसाला दुसऱ्या कचेरीत पाठवताना दिलेली ती ओळखचिठ्ठी. शीर्षकात 'थू'च्या जागी 'झाय' पडलं, तर मार्गदर्शकाचं पत्र तलाठ्याच्या दाखल्यासारखं दिसू लागतं.

```
Thư giới thiệu   = शिफारसपत्र
Giấy giới thiệu  = कार्यालयीन ओळखचिठ्ठी
```

मग विद्यापीठाला पत्रात काय हवं आहे ते वाचा. व्हिएतनामच्या शिक्षण मंत्रालयाच्या 2017 च्या पीएच.डी. नियमावलीत (परिपत्रक 08/2017) शिफारसपत्रात काय असावं ते सांगितलं होतं: अर्जदाराची नैतिक वागणूक, संशोधनाची क्षमता आणि वृत्ती, विषयातली तयारी, आणि शेवटी पत्रलेखकाचा 'पाठिंबा किती' आहे ते. 2021 साली तिची जागा परिपत्रक 18/2021 ने घेतली, त्यामुळे आता त्या त्या विद्यापीठाची सूचना हाच आधार धरायचा. पण पत्र वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना हेच मुद्दे सवयीचे आहेत. 'पाठिंब्याची पातळी' हा तिथे स्वतंत्र मुद्दा आहे हे लक्षात ठेवा. सरांनी शेवटच्या ओळीत सहज लिहून टाकलेलं वाक्य तिकडे मुद्दाम शोधून वाचलं जातं.

## 2. पदं आणि पदव्या नीट बसवा

इंग्रजीत 'स्टुडंट' म्हटलं की काम भागतं. व्हिएतनामीत पदवीचा विद्यार्थी 'सिन विएन', पदव्युत्तरचा 'होक विएन काव होक' आणि पीएच.डी.चा 'ङिएन किउ सिन'. आमची मुलगी सरांच्या हाताखाली एम.एस्सी. करत होती, म्हणून पत्रभर ती 'होक विएन काव होक' होती, आणि जिथे तिला प्रवेश हवा होता तिथे 'ङिएन किउ सिन'. 'थीसिस'चंही तसंच आहे. एम.एस्सी.चा तो 'लुअन वान', पीएच.डी.चा 'लुअन आन'. एम.एस्सी.च्या प्रबंधाला 'लुअन आन' लिहिलंत, तर तिची पीएच.डी. झालेलीच आहे असा अर्थ निघतो.

```
sinh viên         – पदवीचा विद्यार्थी
học viên cao học  – पदव्युत्तर विद्यार्थी
nghiên cứu sinh   – पीएच.डी.चा संशोधक विद्यार्थी
luận văn / luận án – एम.एस्सी.चा / पीएच.डी.चा प्रबंध
```

सरांच्या पदाकडेही बघा. आपल्याकडे कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही आपण 'प्रोफेसर' म्हणतो. व्हिएतनाममध्ये 'झाओ सू' (प्राध्यापक) आणि 'फो झाओ सू' (सहयोगी प्राध्यापक) या राज्याने ठरवलेल्या निकषांवर मिळणाऱ्या पदव्या आहेत, तिथे त्या सैलपणे वापरत नाहीत. सर असिस्टंट प्रोफेसर असतील तर 'झाओ सू' लिहून त्यांना बढती देऊ नका. नावाआधी डॉक्टरेटचं `TS.` लावा आणि सहीखाली त्यांचं इथलं पदनाम जसं आहे तसं समजावून द्या.

## 3. 'ती'ला काय म्हणायचं

इथे मराठी माणसाला फायदा आहे, कारण नात्याने हाक मारायची सवय आपल्याला आहे. पाठ्यपुस्तकात 'शी'साठी 'को अय' शिकवतात. पण 'को' म्हणजे आत्या, 'को' म्हणजे बाई (शिक्षिका), आणि 'को' म्हणजे तरुण स्त्रीही. पत्रभर 'को अय, को अय' येत राहिलं की गोष्टीच्या पुस्तकातल्या नायिकेबद्दल वाचल्यासारखं वाटतं.

समोरासमोर सर तिला 'एम' म्हणाले असते. धाकट्या भावंडाला आणि विद्यार्थ्याला लावायचा हा शब्द, प्रेमळ पण खालच्या पायरीचा. मराठीत सर तोंडाने "अगं, इकडे ये" म्हणतील, पण पत्रात "त्यांनी उत्तम काम केले" असंच लिहितील. व्हिएतनामीत हे अंतर 'ची' (ताई) किंवा पुरुषासाठी 'आन्य' (दादा) आणि पुढे नाव लावून साधतं. व्हिएतनामी नावात आडनाव आधी आणि स्वतःचं नाव शेवटी येतं, आणि उल्लेख स्वतःच्या नावाने करतात. नमुन्यात आपण 'अबक' लिहितो तसं तिकडे 'ङुएन थी आ' लिहितात. तेच नाव मी पुढे वापरते, म्हणून ती पत्रात 'ची आ'. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, मग शेवटपर्यंत एकच संबोधन. माझ्या मसुद्यात पहिल्या परिच्छेदात 'एम' आणि तिसऱ्यात 'ची' होतं. ताई म्हणाल्या, "मध्येच हिचं वय वाढलं की काय?"

## 4. मूळ पत्रातलं कौतुक मोजा

भाषांतर सुरू करण्याआधी पेन्सिल घ्या आणि पत्रातल्या प्रत्येक कौतुकापुढे खूण करा: हा ठराविक साचा, हे मत, की हा पुरावा? साचा म्हणजे कुणाच्याही पत्रात येणारी ओळ. मत म्हणजे याच व्यक्तीबद्दलचा निवाडा. पुरावा म्हणजे घडलेली गोष्ट.

आमच्या सरांच्या पत्रात मतं अशी होती: 'गुड', 'हार्डवर्किंग', 'सिन्सिअर', एके ठिकाणी 'ब्रिलियंट'. साचे असे: 'बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर', 'शी विल बी अ‍ॅन अ‍ॅसेट टु युअर इन्स्टिट्यूशन', आणि शेवटी यशासाठी शुभेच्छा. पुरावा एकच होता, पण भक्कम. विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवर तिचं काम चालू असताना दोन विहिरींचे आकडे अपेक्षेच्या उलट आले. तिने कुणी न सांगता पुन्हा नमुने घेतले आणि नमुने साठवण्यातली चूक शोधून काढली. शिवाय एक तुलना होती: दहा वर्षांतल्या चाळीसेक विद्यार्थ्यांमधल्या पहिल्या तिघांत ती आहे.

आता प्रश्न 'गुड'चा. अमेरिकन प्राध्यापकाच्या पत्रात नुसतं 'गुड' आलं तर वाचणारा भुवया उंचावतो, कारण तिकडच्या पत्रांत सगळेच 'एक्सेप्शनल' असतात. पुण्यातल्या साठीच्या सरांचं 'गुड' तसं असेलच असं नाही. म्हणून मी त्यांना फोन केला. विचारलं, "सर, 'गुड' तुम्ही कुणाकुणाला लिहिता?" ते हसून म्हणाले, "सगळ्यांनाच लिहितो हो. 'ब्रिलियंट' मात्र सहसा लिहीत नाही." एवढ्या उत्तराने पायरी ठरली. 'गुड' हा त्यांचा साचा आणि 'ब्रिलियंट' हे त्यांचं मत. पत्राचा जोर त्या एका शब्दावर, तुलनेवर आणि नमुन्यांच्या गोष्टीवर उभा होता. मी मात्र मसुद्यात सगळा जोर 'गुड'चं 'उत्कृष्ट' करण्यात घालवला होता.

लेखकाला विचारल्याशिवाय 'गुड'ला वर चढवू नका आणि खालीही आणू नका. कोणत्या माणसाने, कोणत्या देशाच्या इंग्रजीत लिहिलंय यावर त्याची उंची ठरते.

## 5. व्हिएतनामी शब्दांची उंची ओळखा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर जातो. 'एक्सलंट'ला शब्दकोश 'सुअत साक' देतो. पण हा शब्द तिकडच्या गुणपत्रिकेवरची श्रेणीही आहे. चारच्या मापावर 3.6 ते 4 म्हणजे 'सुअत साक', 3.2 पासून 3.6 च्या आत 'झॉय', 2.5 पासून 3.2 च्या आत 'खा', आणि त्याखाली 2 पर्यंत 'चुंग बिन्य', म्हणजे मध्यम.

```
xuất sắc    3,6 – 4,0
giỏi        3,2 – < 3,6
khá         2,5 – < 3,2
trung bình  2,0 – < 2,5
```

त्यामुळे पत्रात 'सुअत साक विद्यार्थिनी' असं वाचलं की समितीतला माणूस नकळत गुणपत्रिकेकडे वळतो. तिथे त्या तोडीचे गुण नसतील, तर पत्रावरचा विश्वास उडतो. हा शब्द कामाला लावता येतो, जसं 'अमुक प्रयोग उत्कृष्टपणे पार पाडला', पण माणसाला लावताना गुणपत्रिका समोर ठेवा.

उलट्या बाजूचा सापळा 'खा'. 'गुड'साठी काही जण तो घालतात. गुणपत्रिकेवर ती तिसरी श्रेणी आहे, आणि बोलण्यात त्याचा सूर आपल्या 'बरा' किंवा 'ठीकठाक'सारखा आहे. स्थळ बघायला आलेल्यांना कुणी "मुलगा बरा आहे" म्हणून सांगितलं तर पुढची बोलणी होतील का? साध्या 'गुड'साठी 'तोत' (चांगलं) घ्यावा आणि तो कशाला लागतोय ते सांगावं: प्रयोगशाळेतलं काम चांगलं, लेखन चांगलं.

'ब्रिलियंट'साठी मोहात पाडणारे शब्द बरेच आहेत. 'थिएन ताय' म्हणजे अलौकिक प्रतिभावंत, तो पत्रात हास्यास्पद दिसतो. 'किएत सुअत' हा इतिहासातल्या थोर पुरुषांसाठी राखलेला शब्द. 'इउ तू'चा अर्थ निवडक, उत्तम. पण 'ङ्या झाओ इउ तू' हा तिकडे शिक्षकांना सरकारकडून मिळणारा किताब आहे, त्यामुळे विद्यार्थिनीला तो लावला की सरकारी सत्काराचा वास येतो. ताईंनी सुचवला 'साक साव'. म्हणजे तल्लख, बारकाईने बघणारी बुद्धी. आणि तो माणसाला न लावता विचारशक्तीला लावला: 'तू झुय साक साव'. लगेच पुढे नमुन्यांची गोष्ट आली आणि विशेषणाला पुरावा मिळाला.

जोर वाढवणाऱ्या शब्दांतही पायऱ्या आहेत. 'ज़त' (खूप) रोजच्या वापरातला आणि सुरक्षित. 'हेत सूक' औपचारिक आणि जोरदार, पत्रात एकदा चालतो. 'वो कुंग' (अपार) भाषणांत आणि आभारांत शोभतो. 'कूक की' बोलण्यातला. इंग्रजीत 'व्हेरी', 'हायली', 'एक्स्ट्रीमली' असे तीन शब्द आले म्हणून व्हिएतनामीत तीन जोर देऊ नका. मी एका परिच्छेदात एकच ठेवते.

तुलनेचं वाक्य मात्र जसंच्या तसं, आकड्यांसह न्या. तो सरांचा शब्द आहे आणि तो भाषा बदलली तरी घसरत नाही:

```
Trong mười năm trở lại đây, tôi đã hướng dẫn khoảng
bốn mươi học viên cao học. Chị A là một trong ba
người giỏi nhất.

Chị A có tư duy sắc sảo: khi kết quả của hai giếng
trái với dự đoán, chị đã tự lấy mẫu lại và tìm ra
sai sót trong khâu bảo quản mẫu.
```

अर्थ असा: 'गेल्या दहा वर्षांत मी सुमारे चाळीस पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले. ची आ या सर्वांत हुशार तिघांपैकी एक. त्यांची विचारशक्ती तल्लख आहे: दोन विहिरींचे निष्कर्ष अंदाजाच्या उलट आले, तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा नमुने घेऊन नमुने जतन करण्यातली चूक शोधली.' पहिल्या वाक्यात 'झॉय' आला आहे, पण 'सर्वांत' जोडल्यामुळे तो इथे श्रेणी न राहता तुलना होतो.

गुणांबद्दल एक सूचना. व्हिएतनामीत दशांशाला स्वल्पविराम लिहितात, म्हणून 8.7 चं `8,7` होतं. आपल्याकडचा दहापैकी सीजीपीए आणि तिकडचे दहापैकी गुण दिसायला सारखे, पण काढायची पद्धत वेगळी. आकडा लिहा, कोणत्या मापावर ते लिहा, पण त्यापुढे आपल्या मनाने तिकडची श्रेणी जोडू नका.

## 6. अर्थ उलटवणारे शब्द

काही शब्द पायरी चुकवतात, काही थेट अर्थच फिरवतात. माझ्या अनुभवात वारंवार येणारे हे:

सिन्सिअर. भारतीय इंग्रजीत हा शब्द मन लावून, नेमाने काम करणाऱ्याला लावतात. व्हिएतनामी शब्दकोश 'चन थान्य' देतो, म्हणजे मनापासूनचा, निष्कपट. तो संवेदना आणि आभार यांच्यासोबत येतो. इथे हवं 'ङिएम तुक' (गंभीरपणे काम करणारी) आणि 'जबाबदारीची जाणीव असलेली'.

अँबिशस. 'थाम वोंग' घातलंत तर हावरटपणाची छटा येते. चांगल्या अर्थाचा शब्द 'होआय बाव', मोठं काही करण्याची इच्छा.

क्युरिअस. 'तो मो' म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणारी उत्सुकता. संशोधकाला 'हाम होक होय' म्हणा, शिकण्याची आस असलेला.

अ‍ॅसेट. शब्दशः 'ताय सान', म्हणजे मालमत्ता. विद्यापीठाला मालमत्ता मिळेल असं वाक्य तयार होतं. त्याऐवजी 'आपल्या विद्यापीठाच्या कामात चांगली भर घालेल' असं सांगा.

हार्डवर्किंग. 'चाम ची' किंवा 'कन कू' दोन्ही चांगले, आणि कष्टाळूपणाला तिकडे मान आहे. पण एक म्हण आहे, 'कन कू बू थोंग मिन्य': कष्टाने बुद्धीची उणीव भरून निघते. बुद्धीबद्दल एक शब्दही नसताना कष्टांचंच गुणगान झालं, की वाचणाऱ्याला ही म्हण आठवते. आपल्याकडेही "मुलगी मेहनती आहे हो" एवढंच म्हणून कुणी थांबलं की पुढचं समजून घ्यावं लागतं. म्हणून 'साक साव' आधी ठेवला आणि 'चाम ची' नंतर.

```
nghiêm túc, có tinh thần trách nhiệm  – सिन्सिअर
có hoài bão                           – अँबिशस
ham học hỏi                           – क्युरिअस
```

'गुड मॉरल कॅरेक्टर' हा आपला सरकारी छापाचा साचा मात्र गाळू नका. अमेरिकन समितीला तो विचित्र वाटेल, पण व्हिएतनाममध्ये नैतिक वागणूक हा पत्रातला सवयीचा मुद्दा आहे. प्रामाणिक (चुंग थुक) आणि चूक दाखवल्यावर ती मान्य करून शिकणारी (काउ थी) हे दोन शब्द तिथे मान मिळवतात. ते मूळ पत्रात असले तरच घाला. आमच्या सरांनी लिहिलं होतं की ती मसुद्यावरच्या लाल खुणा न रुसता दुरुस्त करून आणायची. 'काउ थी'साठी याहून नेमकं वाक्य कुठे मिळणार?

## 7. उणीव आली तर

इंग्रजी शिफारसपत्रांत उणीव सहसा लिहीत नाहीत, आणि लिहिली तर ती मोठी समजतात. व्हिएतनाममधल्या जुन्या नमुन्यांत अर्जदाराच्या जमेच्या आणि कमकुवत बाजू असा मुद्दाच असे, त्यामुळे सौम्य शब्दांतली एखादी मर्यादा तिकडे खटकत नाही. उलट पत्र खरं वाटतं.

सरांनी लिहिलं होतं की सुरुवातीला चर्चासत्रात बोलायला ती बिचकायची. अर्जदार मुलीचा आग्रह होता की हे वाक्य काढा. भाषांतरकाराला तो अधिकार नाही, म्हणून तिला सरांशीच बोलायला सांगितलं. सर म्हणाले वाक्य राहू दे, पण नंतर ती सुधारली तेही लिही, मी पत्रात भर घालून देतो. त्यांनी इंग्रजी पत्र बदलून नव्याने सही केली आणि मग व्हिएतनामी वाक्य झालं:

```
Ban đầu chị A còn rụt rè khi phát biểu trong các buổi
xê-mi-na; từ học kỳ thứ ba, chị đã trình bày tự tin hơn.
```

हा क्रम पाळा. आधी मूळ बदलतं, मग भाषांतर. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचणारा कुणीतरी असतोच.

नमुन्यात मर्यादेसाठी रकाना आहे आणि मूळ पत्रात काहीच नाही, अशा वेळी आपण शोधून भरायचं नाही. लेखकाला कळवायचं.

## 8. शेवटचं वाक्य

'आय स्ट्राँगली रेकमेंड' या वाक्याचे मी तीन जोर ठरवून ठेवले आहेत.

```
Tôi hoàn toàn ủng hộ và trân trọng giới thiệu chị A...
Tôi ủng hộ và giới thiệu chị A...
Tôi xin giới thiệu chị A để Quý trường xem xét...
```

पहिलं म्हणजे पूर्ण पाठिंबा आणि आदरपूर्वक शिफारस. दुसरं साधा पाठिंबा. तिसरं 'आपण विचार करावा' एवढंच, त्यात सभ्य माघार आहे. सरांचं वाक्य 'विदाउट एनी हेझिटेशन' होतं, म्हणून पहिलं घेतलं. 'स्ट्राँगली'साठी शब्दकोशातला 'ङिएत लिएत' घेऊ नका. तो पाहुण्यांच्या स्वागताच्या कापडी फलकांवर शोभतो.

भविष्यासाठीच्या शुभेच्छांची ओळ आपल्या पत्रांत हमखास असते. ती ठेवायची, पण शिफारशीच्या वाक्याआधी. व्हिएतनामीत ती सगळ्यात शेवटी आली की निरोपाच्या कार्डासारखं वाटतं आणि शिफारशीचा ठसा पुसट होतो. माझ्या हातून झालेला वाक्यांच्या क्रमातला हा एकच बदल, तोही सरांना विचारून.

## 9. लेखकाला परत वाचून दाखवा

सरांना व्हिएतनामी येत नव्हतं. अशा लेखकाकडून व्हिएतनामी प्रतीवर सही घ्यायचा मोह अर्जदारांना होतो, 'तेवढंच वजन येतं' म्हणून. घेऊ नका. जे वाचता येत नाही त्यावर सही करायला सांगणं लेखकावरही अन्याय आणि पुढे शंका आली तर अर्जदारही अडचणीत. सही मूळ इंग्रजी पत्रावर राहते, भाषांतरावर भाषांतरकाराची.

त्याऐवजी मी व्हिएतनामी मजकुराचा ओळीनिहाय मराठी अर्थ लिहून सरांना पाठवते. इंग्रजीत परत नेत नाही, कारण मग तेच जुने शब्द परत येतात आणि पायरी बदललेली कळत नाही. 'तल्लख', 'बरी', 'सर्वांत हुशार तिघांपैकी' असं मराठीत वाचलं की लेखकाला आपण नेमकं काय म्हणालो ते लगेच समजतं. लेखक मराठी नसेल तर त्याच्या मातृभाषेचा माणूस गाठावा.

पत्र पाकिटबंद द्यायचं असेल, तर हा सगळा व्यवहार लेखक आणि तुमच्यातच ठेवा. अर्जदाराला मसुदा दाखवायचा नाही.

## 10. टाइप करणं, प्रमाणित करणं, पाठवणं

`UniKey` मध्ये टेलेक्स पद्धत निवडली की साध्या कीबोर्डवर स्वरचिन्हं उमटतात: `khas` टाइप केलं की `khá`, `xuaats sawcs` केलं की `xuất sắc`. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य होतो, म्हणून युनिकोडच वापरा. टाइम्स न्यू रोमन, 13 किंवा 14 आकार हा तिकडच्या सरकारी कागदपत्रांचा सवयीचा साज आहे. तारीख आकड्यांनी 12/3 अशी न लिहिता दिवस, महिना, वर्ष शब्दांसह लिहा:

```
Pune, ngày 12 tháng 3 năm 2024
Kính gửi: Hội đồng tuyển sinh
```

'टु हूम इट मे कन्सर्न'च्या जागी ही दुसरी ओळ येते: 'प्रवेश समितीस सविनय'. तिच्यापुढे विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा.

विद्यापीठाला प्रमाणित भाषांतर हवं असेल, तर व्हिएतनाममध्ये अधिकारी भाषांतरकाराची सही प्रमाणित करतात. मजकूर अचूक असल्याची जबाबदारी भाषांतरकाराचीच राहते. पत्रावर शिक्का बसला म्हणून तुमची पायरी बरोबर ठरत नाही. त्यासाठी तिथल्या नोंदणीकृत भाषांतरकाराची सही लागते का, ते आधीच विद्यापीठाला विचारा. लागत असेल तर तुमचा मजकूर त्याच्या हातात देऊन सांगा की विशेषणं बदलायची असतील तर फोन करा. माझ्या एका पत्रात 'साक साव' काढून कुणीतरी पुन्हा 'सुअत साक' घातला होता, 'जास्त चांगलं दिसतं' म्हणून.

पाठवण्याआधी ताईंना पत्र मोठ्याने वाचायला सांगते आणि मी फक्त ऐकते. त्या पत्राच्या वेळी तिसऱ्या परिच्छेदात त्या थांबल्या, एक 'ज़त' खोडला आणि पुढे वाचू लागल्या.